पोर्टलने सरळ विचारलं

आमच्या घरात इंग्रजी वाचणारी मी एकटीच. वाचणारी म्हणजे अक्षरं लावणारी. एकोडीहून साकोलीला जाऊन-येऊन मराठी घेऊन बी.ए. केलं. कवितेचं रसग्रहण विचारा, पानभर लिहून देईन. पण समोर इंग्रजी फॉर्म आला की माझी बोबडी वळते. तरीही लग्न होऊन तुमसरच्या पुढच्या ह्या मँगनीजच्या खाणीच्या गावात आले आणि आल्याबरोबर 'शिकलेली सून' ठरले. त्यामुळे बँकेचा मेसेज असो की गॅसचा, मोबाइल फिरून फिरून माझ्याच हातात येतो.

तो फॉर्मही असाच माझ्या हातात आला. नवरा खाणीत मेट आहे. मेट म्हणजे जमिनीखाली काम करणाऱ्या टोळीवर देखरेख ठेवणारा माणूस. छत ठीक आहे का, सुरुंग लावताना माणसं लांब गेली का, हे पाहायचं आणि वर यायचं ते सगळ्यांना मोजून. त्यासाठी सरकारी परीक्षा द्यावी लागते, ती त्याने दिलेली होती. पण महिन्याच्या शेवटी ठेकेदार बदलणार होता आणि नवीन ठेकेदार आपले मेट सोबत घेऊन येणार, हे सगळ्या गावाला कळलं होतं. आम्हाला सगळ्यात शेवटी कळलं, कारण आमच्या तोंडावर सांगायची कोणाची हिंमत होईना.

त्यानंतर तो बोलायचा बंद झाला. भांडला असता तर बरं झालं असतं. ताटावर बसायचा, भात चिवडायचा, उठायचा. पोरीने शाळेतलं चित्र दाखवलं तर "छान" म्हणायचा, चित्राकडे न पाहता. मला त्याच्या त्या गप्प बसण्याची भीती वाटत होती, खरंच भीती. तो मागच्या दारी उभा दिसला तरी मी काहीतरी निमित्त काढून तिकडे जात होते.

अशात एका मित्राने त्याच्या मोबाइलवर जाहिरात पाठवली. दुसऱ्या राज्यातली सरकारी खाण कंपनी, मेटची पदं, कायमची नोकरी. वयाची अट होती आणि त्या अटीत तो जेमतेम बसत होता. पुढच्या भरतीला बसला नसता. म्हणजे कायमच्या नोकरीसाठी हा त्याचा शेवटचाच फॉर्म. अर्ज फक्त ऑनलाइन.

पोर्टल इंग्रजीत होतं. वरच्या कोपऱ्यात 'हिंदी' असं बटण होतं. मी मोठ्या आशेने ते दाबलं, तर फक्त वरची पट्टी हिंदीत झाली, खालचा फॉर्म होता तसाच. मग मोबाइलमधलं भाषांतर लावलं. त्याने तर कमालच केली. 'रेझ्युमे अपलोड करा' असं जिथे होतं तिथे 'पुन्हा सुरू अपलोड करा' असं आलं. जिल्ह्यांची यादी उघडायला गेलं तर ती उघडूनच राहिना. भाषांतर बंद केल्यावर उघडली. तेव्हापासून मी एक रीत धरली. मूळ इंग्रजी तसंच ठेवायचं, न कळलेली ओळ वहीत उतरवायची, तिचा अर्थ वेगळा शोधायचा आणि मगच बोट लावायचं.

रेझ्युमे तयार होता. चौकातल्या कॉम्प्युटर सेंटरवाल्याने काही महिन्यांपूर्वी बनवून दिलेला. त्याच्याकडे एकच साचा आहे. आमच्या गावचा प्रत्येक पोरगा त्याच्या लेखी मेहनती, प्रामाणिक आणि क्रिकेटचा शौकीन. नवऱ्याने उभ्या जन्मात बॅट धरली नाही, पण तोही शौकीन निघाला. मी ती पीडीएफ चढवली आणि गंमत अशी की पोर्टलने ती स्वतःच वाचली आणि पुढचे रकाने भरून टाकले. आडनाव नावाच्या जागी आणि वडिलांचं नाव आडनावाच्या जागी, कारण आपल्याकडे मार्कलिस्टवर आडनाव आधी येतं आणि सेंटरवाल्याने तसंच छापलं होतं. ते मी नीट केलं. 'सध्याचा मालक' ह्या रकान्यात आमच्या गावच्या कंपनीचं नाव आपोआप आलं होतं. ते मी वाचलं, बरोबर वाटलं आणि पुढे गेले.

सर्टिफिकेटच्या पानावर दोन पर्याय होते, 'रिस्ट्रिक्टेड' आणि 'अनरिस्ट्रिक्टेड'. मला वाटलं, सरकारी काम आहे, बंधनातलं असलेलं बरं. पहिल्यावर बोट नेलं तोच तो म्हणाला, "थांब. ते वरच्या खदानीचं. माहं दुसरं. मी खाली उतरतो." रिस्ट्रिक्टेड म्हणजे फक्त उघड्या खाणीपुरतं सर्टिफिकेट. मी चुकीचं बोट लावलं असतं तर तो तिथेच बाद झाला असता. अनुभव महिन्यांत मागितला होता आणि तोही सर्टिफिकेट मिळाल्यानंतरचाच धरायचा होता. त्याआधीची मजुरीची वर्षं त्यात घालायची नाहीत. आम्ही दोघांनी बोटांवर मोजलं. कितीतरी दिवसांनी तो माझ्या शेजारी बसून सलग बोलत होता. मला तेवढ्यानेच बरं वाटलं.

मग तो प्रश्न आला. आपण सध्या सरकारी किंवा सार्वजनिक क्षेत्रातल्या उपक्रमात नोकरीस आहात का? होय, नाही.

आमची कंपनी सरकारीच. मी 'होय' दाबलं. त्यानेही मान हलवली. दाबताक्षणी खाली एक नवीन रकाना उघडला. त्याच्या नावापुढे लाल तारा होता, म्हणजे भरल्याशिवाय सुटका नाही. सध्याच्या मालकाचं ना-हरकत प्रमाणपत्र जोडा. पुढचं बटण फिकट झालं. कितीही दाबलं तरी हलेना.

"एनओसी मागून राहिलं," मी म्हटलं.

"ऑफिसातून आनतो ना मंग. त्यात का आहे," तो म्हणाला.

मी अर्ज तसाच ड्राफ्टमध्ये ठेवला. दुसऱ्या दिवशी त्याने इस्त्रीचा शर्ट घातला. माझ्याकडून मराठीत अर्ज लिहून घेतला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच तो खाणीच्या ऑफिसच्या दारातून आत जाणार होता. त्याची हजेरी गेटवरच लागायची आणि पगार ठेकेदाराच्या मुन्शीकडून यायचा. तेव्हा हे माझ्या डोक्यात का आलं नाही, देव जाणे.

दुपारी तो परत आला. चपला न काढता पलंगावर बसला. मी पाणी दिलं, ते हातातच धरून ठेवलं.

"का झालं?"

"बाबू चांगला होता," तो म्हणाला. "खुर्ची देल्ली बसाले. अर्ज वाचला. मंग म्हने, भाऊ, तुमची फाइलच नाही आमच्याकडं. तुमाले आमी नोकरी देल्ली नाही, तं हरकत नाही म्हनून कसं लिहून देऊ? तुमी आमचे नाही."

'तुमी आमचे नाही' हे शब्द त्याने दोनदा उच्चारले. मग पाण्याचा ग्लास खाली ठेवला आणि भिंतीकडे तोंड करून झोपला. भर दुपारी.

इथे एक गोष्ट सांगायला पाहिजे. आमच्या गावात खाणीत उतरणारा प्रत्येक माणूस 'कंपनीत' असतो. मग तो कंपनीचा कायम कामगार असो, नाहीतर ठेकेदाराच्या हजेरीवरचा. लग्नपत्रिका वाटताना, पोरांना शाळेत घालताना, पाहुण्यांना ओळख करून देताना सगळीकडे 'कंपनीत आहे' एवढंच म्हणतात. माझ्या बाबांनाही तेवढंच सांगितलं होतं. लग्नानंतर मी पहिल्यांदा गेटपाशी डबा घेऊन गेले तेव्हा पाहिलं की कायम कामगारांच्या पासाचा रंग वेगळा आणि ह्याच्या पासाचा वेगळा. मी काही बोलले नाही. माझे सासरे कंपनीतून कायम कामगार म्हणून निवृत्त झालेले. त्यांनाही तो रंग दिसत होताच की. पण घरात कोणी त्यावर कधी शब्द काढला नाही. झाकली मूठ ठेवायची आमची सगळ्यांची सवय.

मी बाजूला बसून पुन्हा पोर्टल उघडलं. त्याच पानावर अडकलेलं. मला रडू येत होतं आणि रागही येत होता. बाबूवर, ठेकेदारावर, ज्याने हे पान बनवलं त्याच्यावर. एक लाल तारा आमच्या घरावर बसला होता. वाटलं, कुठलातरी कागद चढवून टाकावा, कोण बघतंय. चढवला असता तर चढलाही असता. मशीनला पीडीएफशी मतलब. पण सगळ्यात खाली बारीक अक्षरांत लिहिलेलं होतं आणि तेही मी वहीत उतरवून वाचलं होतं. दिलेली माहिती खोटी आढळल्यास उमेदवारी कोणत्याही टप्प्यावर रद्द होईल. म्हणजे परीक्षा पास होऊन, सामान बांधून तिकडे गेल्यावरसुद्धा.

आणि मग एकदम लख्ख कळलं. बाबूने तर आमचं कामच केलं होतं. पोर्टल विचारत होतं तुम्ही कंपनीचे आहात का, आणि खुद्द कंपनीने सांगितलं होतं, नाही. आम्ही उत्तर चुकवलं होतं, बस. 'होय'च्या जागी 'नाही' दाबलं की तो रकाना मुळात उघडणारच नव्हता.

घाईघाईने त्याला हलवलं. "उठा, उठा. एनओसी लागतच नाही. आपन 'होय' लिहिलं ना, तेच चुकलं. 'नाही' लिहाचं होतं. अन् मालकाच्या जागी ठेकेदाराचं नाव."

तो उठून बसला. मला वाटलं, त्याचा चेहरा उजळेल. तो लाल झाला.

"नाही काहून लिहू?" तो ओरडला. एवढ्या आठवड्यांचा गप्प माणूस ओरडला. "नऊ वर्सं खाली उतरलो मी. कंपनीची खदान, कंपनीचा माल, अन् मी लिहू का कंपनीत नाही? मंग कोठं होतो मी? बोल ना, कोठं होतो?"

"अवो, नोकरी पायजे का कंपनीचं नाव पायजे?"

"मले दोनी नाही पायजे," तो म्हणाला आणि उठून मागच्या अंगणात गेला.

त्या दिवशी संध्याकाळी पाचला पोर्टल बंद होणार होतं. त्याच्या मागे जाऊन भांडावं तर वेळ जातो आणि त्याला विचारल्याशिवाय मी 'नाही' दाबायला तयार नव्हते. नाव त्याचं, वर्षं त्याची, खाली लिहून द्यायचं तेही त्यानेच. तोवर निदान बाकीचं उरकावं म्हणून मी चौकात पळाले. सेंटरवाल्याला म्हटलं, रेझ्युमेत मालक म्हणून ठेकेदाराच्या फर्मचं नाव टाका, कामाची जागा म्हणून खाणीचं नाव ठेवा आणि ते क्रिकेट काढा. फॉर्ममध्ये एक आणि रेझ्युमेत भलतंच असं चालणार नव्हतं. ठेकेदाराच्या फर्मचं पूर्ण नाव मला माहीतच नव्हतं. निघण्याआधी नवऱ्याच्या पीएफच्या पासबुकात सापडलं होतं. ज्या नावाच्या जिवावर आमची चूल पेटत होती, ते मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट वाचलं. अनुभवाचा दाखला मात्र घरात होता. तो ठेकेदाराने दिलेला, पण खाली खाणीच्या मॅनेजरची सही आणि शिक्का. म्हणजे त्याची जमिनीखालची वर्षं कुठेही जाणार नव्हती. फक्त ती कोणाच्या नावावर होती, एवढंच खरं सांगायचं होतं.

घरी आले तेव्हा तो अजून अंगणातच होता. ओसरीवर सासरे बसलेले. त्यांना मी मामाजी म्हणते. आयुष्यभर खाणीत गेलेला माणूस, ऐकायला थोडं कमी येतं, म्हणून बोलतात मोठ्याने.

"का चाललं आहे हे सकाळपासून?" त्यांनी विचारलं. "तो तिकडं, तू इकडं पळून राहिली."

मी आधी टाळलं. त्यांच्यासमोर हे बोलायचं म्हणजे झाकलेली मूठ उघडायचीच. पण पोर्टल काही आमच्या मानापानासाठी थांबणार नव्हतं. मी मोबाइल त्यांच्यासमोर धरला, जसं काही त्यांना इंग्रजी वाचता येणार होतं.

"मामाजी, यात असं विचारून राहिले का, हे सरकारी कंपनीत आहेत का. होय लिहिलं तं कंपनीचा कागद पायजे. कंपनी देत नाही. नाही लिहिलं तं फॉर्म पुढं जाते. अन् हे नाही लिहू देत नाहीत."

त्यांना कळलं नाही असं मला वाटलं. पण ते अंगणाच्या दिशेने तोंड करून, नेहमीपेक्षाही मोठ्याने, म्हणाले, "नाही लिही."

मग ते माझ्याकडे वळले.

"पोरी, नाही लिही," ते म्हणाले. "तो कंपनीत कदीच नव्हता. मले पयल्या दिवसापासून मालूम आहे. मीच सगळ्याइले सांगत फिरलो का पोरगा कंपनीत लागला. लाज माही होती, त्याची नाही. त्याले तं माह्यापेक्षा जितकं कमी भेटलं, तितकं त्यानं जास्त काम केलं."

मी त्यांना लग्नापासून पाहते आहे, पोराचं कौतुक करताना कधी ऐकलं नव्हतं. माझे डोळे भरून आले आणि स्क्रीनवरची अक्षरं पुसट झाली. तेवढ्यात पोर्टलने आपोआप बाहेर काढलं, बराच वेळ हात लावला नाही म्हणून. पुन्हा लॉगिन, पुन्हा ओटीपी. ओटीपी त्याच्या मोबाइलवर जायचा आणि मोबाइल त्याच्या खिशात.

मी अंगणात जाणार तोच तो दारात उभा दिसला. मोबाइल पुढे करून त्याने आकडे वाचून दाखवले, एकेक करून, हळू. मग माझ्या शेजारी बसला. बापाकडे त्याने पाहिलं नाही, बापानेही त्याच्याकडे पाहिलं नाही.

मी 'नाही'च्या गोलापर्यंत पान सरकवलं आणि मोबाइल त्याच्यापुढे धरला. त्याने अंगठा शर्टाला पुसला आणि दाबलं. लाल ताऱ्याचा रकाना नाहीसा झाला. मालकाच्या जागी मी ठेकेदाराच्या फर्मचं नाव एकेक अक्षर टाकलं, नोकरीचा प्रकार म्हणून यादीतलं 'कंत्राटी' निवडलं, जुना रेझ्युमे काढून नवा चढवला. सहीचा फोटो आधी मोठा झाला म्हणून परत आला, तो लहान करून पुन्हा लावला. शेवटच्या पानावर सगळं वाचून दाखवलं, कारण एकदा सबमिट केल्यावर बदलता येणार नव्हतं. प्रत्येक ओळीला तो "हो" म्हणाला. त्या एका ओळीला थोडा थांबला आणि "हो" म्हणाला.

सबमिट झालं. अर्जाचा क्रमांक आला. मामाजी उठून चहा ठेव म्हणाले आणि मी इतकी दमले होते की चहात साखर घालायचीच विसरले. तिघांनीही तो तसाच प्यायला.

पुढचे आठवडे फार वाईट गेले. महिना संपला, त्याचं काम गेलं. मी रोज पोर्टल उघडायचे आणि रोज तिथे तेच, अर्ज प्राप्त झाला. मनात यायचं, 'नाही' लिहिल्यामुळेच कचऱ्यात गेला असेल. कंपनीवाल्यांनी भरलेल्या फॉर्मांपुढे ठेकेदाराच्या माणसाला कोण विचारतो? हे त्याच्यासमोर मी कधी बोलले नाही, पण वाटायचं खरं. तो दुसऱ्यांच्या शेतात धानाच्या कामाला जाऊ लागला, जे मिळेल ते. एकदा पोर्टलवरचे शब्द बदललेले दिसले. मी ते वहीत उतरवले, अर्थ पाहिला, विश्वास बसला नाही म्हणून पुन्हा पाहिला. कागदपत्रांच्या तपासणीला बोलावलं होतं.

तो तुमसर रोड स्टेशनहून गाडीने गेला. तपासणीच्या दिवशी मी मोबाइल हातातून ठेवला नाही. दुपारी त्याचा फोन आला. मागे माणसांची गर्दी ऐकू येत होती.

"झालं का?" मी विचारलं.

"झालं. कागदं ठेवून घेतले. आता परीक्षा होईन म्हनतात."

"अन् त्यायनं विचारलं का? ते?"

"विचारलं. सगळ्याइसमोर. मोठ्यानं. कोनाकडं काम करता म्हने." तो सांगत होता. "मी ठेकेदाराचं नाव सांगतलं."

"मंग?"

"मंग काही नाही," तो म्हणाला. "कोनी हासलं नाही. त्यानं लिहून घेतलं अन् म्हने, पुढचा."